संध्याकाळी, आणि पुढे फक्त क्लॅरिनेट

डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीचा रिअ‍ॅक्टर फुटला तेव्हा आमच्या चाळीतला एक माणूस आत होता. बॉडी मिळाली नाही. तुकडे मिळाले, ते कोणाचे हे तपासायला गेले. रिपोर्ट येईना. कामगार संघटनेने सभा ठेवली आणि गाणं माझ्या गळ्यात पडलं, कारण पत्रकं मीच लिहिते.

गाणंही पत्रकासारखंच लिहिलेलं. केरवा तालाच्या आठ मात्रा, आठही ठासून भरलेल्या: मालक, इन्स्पेक्टर, हप्ता, खून. शेवटी, 'गेला आमच्यातून'.

त्याच्या बायकोला वाचून दाखवलं. वहिनी तांदूळ निवडत होत्या.

"गेला कोणी सांगितलं तुला? रिपोर्ट आला?"

"नाही."

"मग गेला म्हणू नको. येईल असंही म्हणू नको, मी काय येडी नाही. तरच मी सभेला येणार."

घरी येऊन शब्द काढत बसले. 'सकाळी डबा घेतला' पाच मात्रांत संपवलं, तीन मोकळ्या सोडल्या. पुढची ओळ नुसती 'संध्याकाळी'. क्रियापदच नाही. शेवटी दीर्घ ई, म्हणजे आवाज ताणत विरतो आणि त्याच स्वरावरून क्लॅरिनेट उचलतं. त्यानंतर दोन आवर्तनं एकही शब्द नाही.

क्लॅरिनेटवाला माझा मित्र, मोहने गावचा, लग्नाच्या बँडातला. म्हणाला, "एवढं मोकळं? लोक म्हणतील, याची फाटली, विसरला."

"म्हणू दे. आणि चाल परत वाजवू नको. चाल आली की लोक मनात शब्द घालतात. खालचे दोनच स्वर धर. 'सा'वर उतरायचं नाही."

"मग संपवू कुठे?"

"नाही संपवायचं. समेवर पुढची ओळ येऊन तुला कापेल."

ढोलकीलाही फक्त धुमेवर, खर्जाच्या बाजूवर, ठेवलं.

सभेला वहिनी आल्या, पहिल्या रांगेत बसल्या. 'संध्याकाळी' विरलं, क्लॅरिनेट लागलं आणि मैदान गप्प झालं. वहिनींनी डोळे मिटले. एक आवर्तन तसंच गेलं.

मंचावर आमचे जिल्हा सेक्रेटरी होते. माइक गप्प पडला की घोषणा द्यायची, आम्हा सगळ्यांना हेच शिकवलंय. त्यांनी माइक ओढला, वहिनींच्या नवऱ्याचं नाव घेतलं आणि म्हणाले, "अमर रहे." मैदानाने सवयीने साथ दिली. तीनदा.

वहिनी उठल्या. पदर सारखा केला आणि खुर्च्यांमधून वाट काढत बाहेर गेल्या. आम्ही पुढची ओळ घेतली.

नंतर सेक्रेटरी खूश. "पब्लिकने कसं उचललं बघ."

"दादा, तिथे कोणी बोलायचंच नव्हतं."

"अगं, जागा रिकामी होती म्हणून तर भरली."

तो मेला असं जाहीर करायची त्यांना कंपनीपेक्षा जास्त घाई. हे मी तोंडावर बोलले, मीटिंगमध्येही बोलले. उपयोग शून्य.

दुसऱ्या दिवशी वहिनींकडे गेले. त्यांनी दार उघडलं, मला बघितलं, पण आत ये म्हणाल्या नाहीत.