नव्वद टक्क्यांचा नेम

चौकटींच्या पटावर पाळीपाळीने लढायचा, संगणकावरचा खेळ ती बनवत होती. ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत. ठमी म्हणणारा एकच, तिचा दादा. तो मालवाहू जहाजावर इंजिनच्या खोलीत काम करायचा, आणि बंदर लागलं तरच त्याचा आवाज कानी पडायचा.

लहानपणी दोघं फरशीवर असाच खेळ मांडत. काड्यापेट्यांच्या भिंती, बटणांचे सैनिक. म्हणून खेळ जरा उभा राहिल्याबरोबर तिने तो दादाला पाठवला. त्याचं उत्तर आलं ते एका ओळीचं: ‘पडद्यावर नव्वद टक्के नेम दाखवला आणि लागोपाठ दोनदा चुकला. खोटारडा आहे तुझा खेळ. बंद केला.’

तिने ती ओळ शेजारी बसणाऱ्या प्रोग्रामरला दाखवली.

“गणित चोख आहे,” प्रोग्रामर म्हणाला. “असं शंभरात एकदा होणारच. हवं तर आकडा नव्वदच दाखवू आणि आतून गुपचूप वाढवू. कुणाला कळतंय?”

“दादाला फसवू?” ती पटकन बोलून गेली, मग ओशाळली. “नको. लिहिलेला आकडा पाळायचा. राग नेम चुकल्याचा नाहीये रे. आख्खी पाळी पाण्यात जाते, त्याचा आहे.”

तेव्हापासून तिने चुकण्यालाच हात घातला. आडोशामागच्या शत्रूवरचा नेम हुकला, तर गोळी आडोशाला लागायची आणि त्याचा तुकडा उडायचा. पुन्हा हुकला की आडोसा भुईसपाट, शत्रू उघडा. सैनिक हलवण्याआधीच पुढच्या चौकटीतून नेम किती टक्के लागेल ते दिसू लागलं, आणि आकड्याखाली कारणंही: अंतरामुळे इतके कमी, भिंतीमुळे इतके. हरणाऱ्याला आपलं कुठं चुकलं ते बघता यावं, एवढंच तिला हवं होतं.

जेवता जेवता ती पट मांडून बसे. कुठली चाल दादा करेल, कुठं चिडेल, हे तिला पाठ होतं. समोर मात्र रिकामी खुर्ची असायची. सुधारलेला खेळ पाठवला, तेव्हा जहाज भर समुद्रात होतं. फोन वाजला की ती धावायची. कधी बँक, कधी चुकीचा नंबर.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी ऑफिसात फोन वाजला, आणि खरंच दादा बोलला. मागे यंत्रांची घरघर होती.

“ठमे, हरलो गं. सपाटून.”

“चिडलास?”

“स्वतःवर. शत्रूची भिंत मीच फोडली होती, पण पुढं धावत सुटलो आणि माझाच माणूस उघड्यावर राहिला. आता परत मांडलाय.”

तिला हसू फुटलं. “घरी कधी येतोस? समोरासमोर खेळू.”

पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली. “बघू,” तो घाईत म्हणाला, आणि आवाज तुटला.

ती फोन कानाला लावून तशीच उभी राहिली. प्रोग्रामरने मान वर करून विचारलं, “काय म्हणाला?”

“खेळ जमलाय म्हणाला,” ती म्हणाली, आणि डोळे पुसून पुढच्या पटाच्या भिंती मांडायला बसली.