मी न लिहिलेला लेख

कर्वेनगरच्या आमच्या कॉलेजात मी प्रोजेक्टची गाइड. हडपसरच्या बससेवेवरचा एका ग्रुपचा रिपोर्ट तपासायला घेतला आणि संदर्भसूची बघूनच डोकं फिरलं. कुठे लेखकाचं आडनाव आधी, कुठे शेवटी. एका नोंदीत वर्ष कंसात, दुसरीत वर्षच नाही. आणि शेवटी नुसती एक लिंक, बेवारस. वर पहिल्याच पानावर ठोकून दिलेलं वाक्य, ‘बहुतांश नोकरदार बसपेक्षा दुचाकीच पसंत करतात.’ संदर्भ शून्य.

“हे कोणी सांगितलं?” मी विचारलं.

“मॅडम, हे तर सगळ्यांनाच माहितीये,” ग्रुपची लीडर म्हणाली.

“मग रिपोर्ट कशाला लिहिलात? एकतर आधार द्या, नाहीतर वाक्य काढा.”

दुसऱ्या दिवशी सूची अशी चकाचक होऊन आली, की मला संशयच आला. स्वल्पविराम न् स्वल्पविराम जागेवर. त्या वाक्यापुढेही संदर्भ आला होता. सूचीत तो शोधला, तर लेखिका म्हणून माझंच आडनाव, माझीच आद्याक्षरं. जर्नल, वर्ष, पानांचे आकडे, सगळं होतं. मी बसवर आयुष्यात एक ओळ लिहिलेली नाही.

“हा लेख कुठे वाचलात?”

“वाचला नाही मॅडम. एआयला आधार मागितला, त्याने दिला.” मग जरा चाचरत, “फॉरमॅट तरी बरोबर आहे ना?”

“फॉरमॅट अगदी बिनचूक आहे,” मी म्हटलं. “लेख तेवढा लिहायचा राहिलाय माझा.”