सतरा लाखांतला घसारा

माझे दोन मामा किन्हवलीकडे भाताची गिरणी चालवायचे. थोरले मामा मशीनवर, धाकटे मामा बाहेरच्या व्यवहारात. भागीदारी दोघांची, पण गिरणीत जीव होता तो थोरल्यांचा. सात वर्षांपूर्वी मशीन कायमची बसली. शाफ्ट गेला, पार्ट मिळेनात. नेमकं त्याच सुमारास हायवेत गेलेल्या जमिनीचे पैसे हातात आले होते. थोरले म्हणाले, वीस लाखांची नवी मशीन घेऊ. धाकटे म्हणाले, गिरणी बंद करू आणि पैसे बँकेत ठेवू. दोघं महिनाभर भांडले. शेवटी असं ठरलं की भाचीला विचारायचं, ती सांगेल ते दोघांनी मान्य करायचं.

भाची म्हणजे मी. शहापुरात एका कर सल्लागाराच्या ऑफिसात दोन वर्षं काम करत होते आणि आपल्याला सगळं येतं या गुर्मीत होते. आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते. गिरणीच्या वह्या मी घरी आणल्या आणि नव्या मशीनवर वर्ष कसं जाईल याचा अंदाज मांडला. भरडाई, तांदूळ, कोंडा मिळून वर्षाची आवक वीस लाख. मजुरी, वीज, भाताची खरेदी, दुरुस्ती मिळून चौदा लाख. मशीनचा घसारा पंधरा टक्क्यांनी तीन लाख. एकूण खर्च सतरा. उरले तीन, त्यावर भागीदारीचा कर तीस टक्के, म्हणजे नव्वद हजार. हातात दोन लाख दहा हजार.

पुढच्या रविवारी मामांच्या ओटीवर बसून मी कागद वाचून दाखवला. "आवक वजा खर्च वजा कर. वर्षाला दोन लाख दहा हजार रोख सुटतील. वीस लाख वसूल व्हायला साडेनऊ वर्षं. तोवर ही मशीनपण म्हातारी होईल."

धाकट्या मामांनी मांडीवर थाप मारली. "बघ! मी काय बोलत होतो?"

थोरल्या मामी चहा घेऊन आल्या, त्यांनी एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि कप ठेवून तिथेच दाराशी टेकल्या. मग थोरल्या मामांनी कागद हातात घेतला आणि घसाऱ्यावर बोट ठेवलं.

"बाय, ह्ये तीन लाख कोनाला द्यायचे गो?"

"कोणाला नाही मामा. मशीन झिजते ना, त्याचा खर्च."

"झिजते ती झिजंल. पन पैसं तर मी मशीन घेताना दिलं. परत दर वर्षी कोन मागायला येनार?"

माझं डोकंच फिरलं. दोन रात्री जागून केलेला हिशोब, आणि चौथी शिकलेला माणूस मला घसारा शिकवणार! "मामा, कायद्यानं तो खर्चच असतो. तुम्हाला नाही कळायचं ते," मी म्हणाले. अगदी तोडून म्हणाले. मामांनी कागदाची नीट घडी घालून तो सदऱ्याच्या खिशात ठेवला. दोन महिन्यांत गिरणी भंगारात गेली.

पुढे माझं लग्न झालं, मी मुरबाडला आले. ऑफिस होतंच, शिवाय रविवारी कॉमर्सच्या मुलांना शिकवायला लागले. यंदा एका रविवारी फळ्यावर मी लिहिलं, धंद्यातून वर्षाला किती रोख सुटते ते काढायच्या तीन वाटा. तिन्हींचं उत्तर एकच यायला हवं. नाही आलं तर कुठेतरी माती खाल्लीत म्हणून समजा. टोकावड्याहून एसटीनं येणारी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, खऱ्या धंद्याचे आकडे घ्या ना." मला मामांच्या गिरणीचे आकडे तोंडपाठ होते. तेच घेतले.

पहिली वाट नफ्यातून. करानंतरचा नफा दोन लाख दहा हजार. घसारा वहीत खर्च म्हणून लिहिलेला असतो, पण त्या वर्षी तो पैसा खिशातून जात नाही, म्हणून परत मिळवायचा. दोन दहा अधिक तीन. पाच लाख दहा हजार.

दुसरी वाट वरून खाली. आवक वीस, खर्च सतरा, कर नव्वद हजार. उरले दोन लाख दहा हजार.

वर्गात कुजबुज सुरू झाली. मी परत वजाबाकी केली. तेच उत्तर.

"मॅडम, सतरात घसारा धरलाय तुमी," तीच मुलगी म्हणाली. "तो रोख जात नाय ना? चौदाच घ्यायचे."

वीस वजा चौदा वजा नव्वद हजार. पाच लाख दहा हजार.

तिसरी वाट मी कशी लिहिली मला आठवत नाही. घसारा नाहीच असं धरून विसातून चौदा गेले, सहा लाख. त्यावर तीस टक्के कर जाऊन चार लाख वीस हजार. मग तीन लाखांच्या घसाऱ्यामुळे जो कर वाचतो, म्हणजे त्या तीन लाखांचे तीस टक्के, नव्वद हजार, तो मिळवायचा. पाच लाख दहा हजार. घसाऱ्याचं कामच तेवढं, कर वाचवायचं. पुढे तो दर वर्षी थोडा कमी होतो, तरी मशीनचे पैसे चारेक वर्षांत फिटले असते. साडेनऊ नाही, चार! मामांनी बोट ठेवून विचारलं होतं आणि मी त्यांना गप्प केलं होतं. तेव्हा दुसरी एक वाट चालून बघितली असती तर दहा मिनिटांत चूक सापडली असती. मी लवकर वर्ग सोडला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

आठवडाभर मी कोणाला काही बोलले नाही. गिरणी गेली ती गेली, आता सांगून काय होणार, असं स्वतःला समजावत राहिले. पण झोप लागेना. शनिवारी किन्हवलीची एसटी धरली.

थोरले मामा आता दुसऱ्याच्या गिरणीत गोण्या मोजायला बसतात, रोजावर. मामी गेल्या त्याला दीड वर्ष झालं. मामा काट्याशेजारी स्टुलावर बसले होते. अंगावर, भुवयांवर कोंडा. मला बघून केवढे खूश झाले! मी चहासुद्धा घेतला नाही. तिथेच पोत्यावर बसले, कागद काढला आणि तिन्ही हिशोब त्यांच्यासमोर मांडले. माझी चूक कुठे झाली तेही सांगितलं. सांगताना मी सारखी डोळे पुसत होते.

मामांनी प्रत्येक ओळ बोटांवर मोजली. घाई केली नाही. तिसऱ्यांदा पाच लाख दहा हजार आल्यावर त्यांनी मान वर केली.

"म्हंजे गिरन चालली आसती."

"हो मामा."

मला वाटलं, आता शिव्या घालतील. घालाव्यात असं मनापासून वाटत होतं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नको गो. तू तवा ल्हान व्हतीस." मग खालच्या आवाजात म्हणाले, "तुझी मामी रोज सांगायची मला. गिरन मोडू नका, चालंल, माजं मन सांगतंय. एक दिवस मी लय चिडलो. तुजा कागद तिच्या तोंडावर फेकला. बोललो, शिकलेली पोर सांगते, तुला काय कलतंय? त्याच्यानंतर तिनं गिरनीचं नाव काडलं नाय. मरंस्तवर नाय."

काट्यावर कोणीतरी गोणी आणून टाकली. मामा उठले आणि वजन बघायला गेले.