नावांचा कॉलम

वडगावात एका साडी व्यापाऱ्याकडं मी कारकून होतो. घरोघरच्या विणकरांना दिलेलं सूत, त्यांच्याकडून आलेल्या साड्या, सगळं एकाच एक्सेल फाइलीत. विणकर वाढले, फाइलीच्या दोन कॉम्प्युटरवर दोन कॉप्या झाल्या आणि रोज संध्याकाळी त्या जुळवता जुळवता माझं डोकं उठायचं. मालकांना म्हटलं, "अण्णा, छोटा डेटाबेस करूया. विणकराला एक नंबर, त्याची प्रत्येक नोंद त्या नंबरालाच बांधलेली."

"एक्सेल फुकट हाय की रं!"

फुकट! एकदा त्यांनीच नुसता नावांचा कॉलम सॉर्ट केला, समोरची सूचना न वाचता, आणि सेव्ह केलं. नावं हलली, सूत जागच्या जागी राहिलं. साड्या न आलेलं भलत्याचंच ढीगभर सूत एका म्हाताऱ्या विणकरणीच्या नावापुढं आलं. मालक तिच्या दारात गेले आणि गल्लीदेखत म्हणाले, "आक्का, माझं सूत कुठं इकलंस?"

मागावरची अर्धी साडी तिनं कापली, उरलेलं सूत त्यांच्या हातात दिलं आणि दार लावलं.

चूक कळली, मग झाला डेटाबेस. मालकांनी पहिला नंबर तिलाच द्यायला लावला, ती परत येईल म्हणून. त्या नंबरापुढं आजही एकसुद्धा नोंद नाही. ही माहिती मात्र अगदी बरोबर आहे.