उजवा पल्ला वर

थोरली जाऊ कराटेचा वर्ग चालवायची. तिचा काळा पट्टा झिजून कडेने पांढरा पडला होता, जिभेची धार मात्र शाबूत. धाकटी पहिल्या परीक्षेला आली, तशी थोरली पुढे सरसावली.

"थांब, मी बांधते. तुला कुठलं जमतंय!"

तिने धाकटीच्या जॅकेटचा उजवा पल्ला डाव्यावर ओढला आणि पांढऱ्या पट्ट्याला गाठ मारली. गाठ वाकडी, उभीच राहिली. धाकटीने आरशात पाहिलं. जपानात उजवा पल्ला वर फक्त मेलेल्याला घालतात, हे थोरलीनेच वर्गात शिकवलेलं. असल्या अवतारात परीक्षक दारातूनच हाकलणार.

"जाऊबाई, जिवंतपणीच पोचवताय होय मला?"

तिने पट्टा सोडला. डावा पल्ला वर घेतला, पट्टा दोनदा गुंडाळला, गाठ आडवी बसवून टोकं सारखी केली. मग आत जाऊन परीक्षकांपुढे वाकली आणि थोरलीकडे बोट केलं.

"लढतीला समोर ह्याच द्या."