शनिवारची जमावबंदी

लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात मी नवऱ्याविरुद्ध पत्रक काढलं. आमच्या संघटनेची पत्रकं मीच लिहायचे, त्यामुळे राग आला की हात आधी मथळ्याकडे जायचा. मथळा होता: ‘माणूसघाण्या वृत्तीचा जाहीर निषेध’.

तो तलासरीच्या शाळेत शिक्षक. आठवडाभर तिथेच खोली करून राहायचा, शनिवारी दुपारी डहाणूला यायचा. माझा आठवडा टेबलाशी एकटीने लिहिण्यात जायचा, म्हणून शनिवारी मी घर भरून टाकायचे. संघटनेतल्या मैत्रिणी, नरपडचा मामा, त्याची पोरंबाळं. हा सगळ्यांना नमस्कार करून अर्ध्या तासात स्वयंपाकघरात जायचा आणि कांदे सोलत बसायचा. लागतील त्याच्या चौपट. मामा विचारायचा, “जावई रुसले काय गो?”

एका शनिवारी तो आलाच नाही. फोनवर म्हणाला, वह्या तपासायच्यात, इथेच राहतो. पुढच्या शनिवारचंही नक्की नाही. घरात चौदा माणसं आणि त्यांच्या मधोमध मी एकटी. त्याच रागात पत्रक झालं. सात मागण्या, खाली इशारा. दुसऱ्या दिवशी एसटीने तलासरीला जाऊन हातात दिलं.

त्याने लाल पेन घेऊनच वाचलं. दोन ठिकाणी शुद्धलेखनही सुधारलं. मग म्हणाला, “सहा दिवस साठ पोरं माझ्याशी एकदम बोलतात. मला माणसं नकोत असं नाही. पण ग्रामसभेची नोटीस आधी मिळावी म्हणून तुमची संघटना रस्त्यावर बसते, आणि आज आपल्या घरी सभा आहे हे मला दारातल्या चपला बघून कळतं.”

मी त्याचं लाल पेन घेतलं आणि पत्रक उलटून कोऱ्या बाजूवर ‘करार’ असा मथळा घातला.

मग वाटाघाटी झाल्या. शनिवारी घरात जमावबंदी. मात्र मी कोंडून घेणार नाही; मी खुशाल मामाकडे जाईन, आणि त्याने पडलेल्या चेहऱ्याने “निघालीस?” असं विचारायचं नाही. माणसं रविवारी, पण कोण नि किती हे गुरुवारपर्यंत सांगायचं. त्याला काहीतरी काम द्यायचं, कारण हात गुंतले की तो दोन तास मजेत राहतो. बाहेर कार्यक्रम असेल तर त्याची निघायची वेळ आधी ठरवायची आणि दोघांच्या दोन गाड्या न्यायच्या.

कसोटी लागली मामाच्या मुलीच्या साखरपुड्यात. त्याने भाताचं पातेलं ताब्यात घेतलं. प्रत्येक पानाशी एक वाढप होईल एवढंच बोलला, पण सगळ्यांशी बोलला. चारला हात धुतले, मामाला सांगितलं आणि गेला.

“भांडलात?” मामाने विचारलं.

“नाही. ठरलंय.”

कुणाचाच विश्वास बसला नाही. खरं सांगायचं तर माझाही पुरता नव्हता. करारावर माझीच सही, तरी गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत मी ऐकत राहिले. हा सरळ तलासरीला तर नाही ना गेला?

दिवेलागणीला घरी पोचले. त्याची गाडी अंगणात होती. त्याने पुस्तक मिटलं आणि दुसरी खुर्ची समोर ओढली.

“सांग आता, काय काय झालं ते. पण एका वेळी एकच माणूस.”

मी मामापासून सुरुवात केली.