पाळण्याची कडी

अंबूबाईंचं नाव निघालं की म्हातारा ज्योतीराम अजूनही कानाची पाळी धरतो. चिंचवड गावठाणात त्या घरमालकिणीच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. बाईंना अक्षरओळख नव्हती, म्हणून त्यांची पत्रं वाचून दाखवायचं काम भाडेकरू ज्योतीरामकडे होतं. पुढे पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात त्याला क्वार्टर मिळालं. खोली सोडतोय हे समोर जाऊन सांगायची हिंमत होईना, तेव्हा त्याने महिन्याची नोटीस पोस्टाने धाडली. पोस्टमन गेला आणि बाईंनी हाक मारली, "ज्योतीराम, कागूद आलाय, वाच."

आपलंच पत्र त्याने मान खाली घालून वाचलं. महिनाअखेरीस खोली रिकामी करून चावी देईन, पाळण्यासाठी तुळईला ठोकलेली कडी काढून देईन, अनामत चाळीस रुपये परत मिळावेत.

"तोंडानं सांगाया जीभ झडली व्हती का?" बाई कडाडल्या. "आता माझं उत्तर लिही. चावी दे आन् रुपये घे. पर कडी काढलीस, तर एक पैसा मिळायचा न्हाई!"

"काकू, नव्या भाडेकरूला ती कशाला?"

"नव्याला न्हाई, मेल्या! तुझी लेक उद्या बाळंतपणाला आली, तर पाळणा काय त्या क्वार्टरच्या स्लॅबला बांधशील?"

ज्योतीरामने लिहिण्यासाठी मान खाली घातली. त्याची लेक नुकतीच पाऊल टाकायला शिकली होती, आणि बाईंच्या लुगड्याला धरून उभी होती.